व्याही पहिल्यांदा जेवायला येतात तेव्हा

मुलामुलींनी एकमेकांना पसंत केलेलं असतं. दोन्हीकडच्या आईवडिलांचं फोनवर बोलणं होतं आणि बोलता बोलता कुणीतरी म्हणून जातं, "मग या की एकदा जेवायलाच." पूर्वी कांदेपोहे आणि चहावर भागायचं. पाहुणे तासाभरात उठायचे आणि स्वयंपाकघराची परीक्षा पोह्यांपुरतीच असायची. आता पसंतीचा भाग मुलांनीच उरकलेला असल्यामुळे मोठ्यांची पहिली भेट बरेचदा सरळ जेवणावर येते. आमंत्रणाचा फोन ठेवला की यजमानीणबाई कागद-पेन घेऊन बसते आणि दहा मिनिटांत त्या कागदावर चौदा पदार्थ उतरलेले असतात.

हा कागद चुकतो तो पदार्थ जास्त होतात म्हणून नव्हे. पाहुणे घरात आल्यानंतर ओट्यापाशी किती वेळ उभं राहावं लागेल, हा हिशेब त्यात कुठेच नसतो, म्हणून चुकतो. सकाळी केलेल्या चार तासांच्या मेहनतीने संध्याकाळ बिघडत नाही. रात्री साडेआठला गॅसजवळ अडकलेली वीस मिनिटं मात्र बिघडवतात, कारण पाहुणे ज्यांच्याशी बोलायला आलेले असतात तेच माणूस तेवढा वेळ पानावर नसतं. बाहेर होणाऱ्या विहीणबाई दर दोन घासांनी म्हणत राहतात, "अहो, तुम्ही पण बसा ना," आणि आतून उत्तर येतं, "आलेच, तुम्ही सुरू करा." अशी कितीतरी जेवणं आपण सगळ्यांनीच जेवलेली आहेत.

म्हणून पदार्थ निवडताना मी त्याला एकच प्रश्न विचारते. बेल वाजल्यावर हा पदार्थ माझ्याकडून किती मिनिटं मागेल? या प्रश्नावर श्रीखंडाचं उत्तर शून्य आहे. गरम पुऱ्यांचं उत्तर आहे पूर्ण जेवणभर. उकडीचे मोदक कितीही देखणे असले तरी त्यांची उकड काढण्यापासून तूप घालून वाढण्यापर्यंत सगळं त्याच संध्याकाळी करावं लागतं, त्यामुळे मदतीला सराईत हात नसेल तर ते गणपतीसाठी ठेवावेत. पुरणपोळी आदल्या दिवशी करून ठेवता येते आणि कोमट खायला छानही लागते, पण पुरण सैल झालं किंवा पोळी फुटली तर तो राग दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या स्वयंपाकावर निघतो. पुरणावर हात बसलेला असेल त्यांनी ती खुशाल करावी.

आता एक उदाहरण घेऊन पूर्ण बेत लावून पाहू. समजा डोंबिवलीतलं दोन बेडरूमचं घर आहे, तीन शेगड्यांचा गॅस आणि फळीवर मावेल एवढा ओटा. मार्चअखेरचा शनिवार. साताऱ्याहून मुलाचे आईवडील, धाकटी बहीण, आत्या आणि तो स्वतः, असे पाच जण येणार. घरचे चार धरून नऊ पानं. पाहुणे साडेसातला येतील, जेवायला साडेआठला बसायचं.

बेत लिहायच्या आधी एक फोन करावा लागतो आणि तो मुलीने मुलाला केलेला बरा, कारण मोठी माणसं एकमेकांना विचारली की "आमचं काही नाही हो, आम्ही सगळं खातो" यापलीकडे काही सांगत नाहीत. नेमकं विचारायचं. कांदा-लसूण चालतो का? शनिवारचा उपास कुणाला आहे का? साखर कुणाला वर्ज्य आहे? दाण्याची किंवा आणखी कशाची ॲलर्जी? त्या दिवशी कॅलेंडरवर संकष्टी तर नाही ना? असेल तर ज्यांचा उपास आहे ते चंद्रोदय झाल्यावरच जेवणार, म्हणजे पंगत नऊच्या पुढे जाते. आषाढ ते कार्तिक या काळात भेट ठरली असेल तर वांग्याबद्दलही विचारावं, कारण चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं सोडणारी घरं अजून बरीच आहेत. भरली वांगी म्हणजे यजमानीणबाईंचा हातखंडा आणि पाहुणी आत्या त्याला हात लावत नाही, असं व्हायला नको. आपल्या उदाहरणात मुलाच्या वडिलांना मधुमेह आहे आणि आत्या कांदा-लसूण खात नाहीत. आत्यांसाठी वेगळं काही करायचं नाही, सगळा बेतच कांदा-लसणाशिवाय लावायचा. वेगळी वाटी काढून ठेवली की ते माणूस पंगतीत एकटं पडतं.

तर पान असं: पन्हं, अळूवडी, काकडीची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची पिवळी भाजी, डाळिंब्यांची उसळ, मसालेभात, टोमॅटोचं सार, पोळ्या, थोड्या पुऱ्या आणि श्रीखंड. यादी मोठी दिसते, पण तिचे तीन भाग पडतात. श्रीखंड, अळूवड्यांचे उंडे आणि सोललेल्या डाळिंब्या आदल्या दिवशी तयार असतात. उसळ, भाजी, चटणी, सार, पोळ्या आणि भात शनिवारी साडेसातच्या आत होतात. बेल वाजल्यानंतर उरतात फक्त वड्या तळणं, पुऱ्या आणि कोशिंबिरीला दही लावणं.

श्रीखंडापासून सुरुवात करू, कारण त्याची तयारी गुरुवारी रात्री सुरू होते. म्हशीचं दोन लिटर दूध तापवून, कोमट करून विरजायचं. मार्चच्या उकाड्यात सात-आठ तासांत दही लागतं. लागलं की लगेच पंच्यात बांधायचं. ते तसंच दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर आंबट होतं, आणि आंबट चक्क्यात साखर कितीही ओतली तरी श्रीखंड चढत नाही, नुसतं गोड-आंबट लागतं. पुरचुंडी टांगायची तीही फ्रीजमध्ये, चाळणीखाली पातेलं ठेवून, वर थोडं वजन देऊन. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाऊण किलोच्या आसपास चक्का मिळतो. पंचा उघडल्यावर चक्का त्याला न चिकटता गोळा होऊन सुटला पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर पाणी दिसता कामा नये. पाणी राहिलेला चक्का ओळखायला सोपा असतो: साखर घातल्यावर अर्ध्या तासात तो बासुंदीसारखा वाहायला लागतो.

पाऊण किलो चक्क्याला सहाशे ग्रॅम साखर पुरते. ती मिसळून दोन तास झाकून ठेवायची, विरघळू द्यायची आणि मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढायची. मिक्सर लावू नये, श्रीखंड पातळ होतं आणि त्याचा पोत जातो. कोमट दुधात खललेलं केशर, वेलची, चिमूटभर जायफळ आणि वरून चारोळी. सव्वा किलोच्या वर श्रीखंड होतं, नऊ जणांना दुसऱ्यांदा वाढण्याइतकं. होणाऱ्या सासऱ्यांसाठी साखर घालण्याआधी दोन-तीन चमचे चक्का बाजूला काढून त्यात केशर-वेलची मिसळून ठेवता येतो. तो ताटात त्यांच्यापुढे मुद्दाम मिरवायचा नाही, सगळ्यांसारख्याच वाटीतून द्यायचा आणि हळूच सांगायचं.

एवढा वेळ नसेल तर डेअरीतून चक्का आणावा. ओळखीच्या दुकानात सकाळी सांगून ठेवलं की ताजा मिळतो. तयार श्रीखंडाच्या डब्यापेक्षा विकतचा चक्का मला जास्त पटतो, कारण साखर किती आणि जायफळ किती हे आपल्या हातात राहतं आणि "घरी केलंय का हो?" या प्रश्नाला निम्मं तरी खरं उत्तर देता येतं.

शुक्रवारी संध्याकाळी अळूवड्या. बाजारात वडीचं अळू मागून घ्यायचं, काळसर देठांचं आणि जाड पानांचं. फतफत्याचं अळू वडीला घेतलं तर पानं फाटतात. मध्यम आकाराची पंधरा पानं घ्यावीत. अळू घशाला खवखवतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून चिंच जरा सढळ हाताने घालायची आणि उकडताना घाई करायची नाही. पानांचे देठ काढून मागच्या बाजूची जाड शीर सुरीने तासायची आणि लाटणं फिरवून पान सपाट करायचं. अडीच वाट्या बेसन, दोन-तीन चमचे तांदळाचं पीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, तिखट, हळद, धने-जिरे पूड, हिंग, तीळ आणि मीठ. पीठ इतपत घट्ट हवं की पानावर हाताने फासता येईल, ओघळणार नाही. मोठं पान उलटं खाली, त्यावर पीठ, त्यावर उलट दिशेने दुसरं पान, अशी पाच पानं लावून दोन्ही बाजू आत दुमडून घट्ट उंडा वळायचा. असे तीन उंडे होतात.

चाळणीत वीस ते पंचवीस मिनिटं उकडायचे. सुरीचं टोक मधोमध खुपसून काढलं आणि त्याला पीठ चिकटलं नाही म्हणजे झाले. इथे सगळ्यात जास्त वड्या बिघडतात त्या गरम उंडे कापल्यामुळे. उंडा पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेला उंडा तर इतका छान कापला जातो की एकेका वडीचं भोवऱ्यासारखं वेटोळं शाबूत राहतं. म्हणूनच हा पदार्थ या रात्रीसाठी योग्य आहे. आदल्या दिवशी केला म्हणून त्याचं काही उणं होत नाही, उलट तो सुधारतो. तीन उंड्यांच्या तीस-पस्तीस वड्या होतात. अळू मिळालं नाही तर कोथिंबीरवडीही याच पद्धतीने, उकडून आज आणि तळून उद्या.

डाळिंब्यांची उसळ मी मुद्दाम घेतली आहे. कडवे वाल बुधवारी रात्री भिजत घालायचे, गुरुवारी सकाळी फडक्यात बांधायचे, शुक्रवारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. अर्धा किलो वाल सोलायला तासभर सहज जातो, पण ते काम टीव्हीसमोर बसून, बाबा आणि मुलगी यांच्याकडून, गप्पा मारत करून घेता येतं. शनिवारी सकाळी गूळ, आमसूल आणि ओलं खोबरं घालून उसळ केली की संपलं. शिजताना तिला फार ढवळायचं नाही, डाळिंबी अख्खी राहिली पाहिजे. जिने कधी वाल सोलले आहेत तिला या उसळीची किंमत पहिल्या घासाला कळते. पनीरची भाजी पाहून कुणी असं म्हणत नाही. बटाट्याची पिवळी भाजी मात्र साधीच ठेवायची, एक किलो बटाट्यांची, आलं, मिरची, कढीपत्ता, उडदाची डाळ आणि वरून लिंबू. श्रीखंडाबरोबर तीच लागते, आणि मुलाच्या बहिणीला डाळिंब्या आवडल्या नाहीत तरी तिचं जेवण या भाजीवर होतं.

आता मसालेभात, या पानाचा राजा. घरात रोज चौघांचा भात कुकरला लावणाऱ्या माणसाचा नऊ जणांच्या भातात अंदाज चुकतो तो भांड्यापासून. अर्धा किलो तांदूळ, पाव किलो तोंडली, वाटीभर मटार आणि काजू, हे सगळं फुलल्यावर मावायला पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं लागतं. ते नसेल तर शेजारून आदल्या दिवशीच आणून ठेवावं. आंबेमोहोर घेतला तर वास सुंदर येतो पण भात मऊ होतो. हात बसलेला नसेल तर जुना कोलम घ्यावा. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, काजू, मग उभी चिरलेली तोंडली चांगली परतून घ्यायची. कच्ची तोंडली भातात शिजत नाहीत, करकरीत राहतात. तांदूळ घालून तो पांढरा आणि कोरडा दिसेपर्यंत परतायचा, तीन-चार चहाचे चमचे गोडा मसाला घालायचा आणि तांदळाच्या दुप्पट उकळतं पाणी ओतायचं. जुन्या तांदळाला अर्धी वाटी वर. साताऱ्याच्या घरी कांदा-लसणाचा तिखट मसाला सवयीचा असेल म्हणून तो मसाला वापरायचा मोह होईल, तो टाळावा. एक तर आत्यांना चालणार नाही. दुसरं म्हणजे पाहुण्यांची चव पाहुण्यांच्या घरी रोज असते, ते आपली चव पाहायला आलेले असतात.

मीठ चौघांच्या भाताच्या सव्वादोन पट असा गुणाकार करून घालू नये. उकळी आलेलं पाणी चमच्यावर घेऊन चाखायचं, ते नेहमीच्या आमटीपेक्षा किंचित खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ ते मीठ ओढून घेतो. गूळाचा खडा आणि झाकण. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की आच बारीक, पातेल्याखाली तवा आणि दहा-बारा मिनिटांनी बंद. सव्वासातच्या सुमारास बंद केलेला भात साडेआठपर्यंत झाकण न उघडता छान मुरतो. मधे झाकण काढून ढवळला की शितं मोडतात आणि भाताचा गोळा होतो. वाढायच्या आधी पाच मिनिटं पुन्हा तव्यावर बारीक आचेला ठेवायचा, मग कडेने उलथनं घालून हलकेच वर काढायचा. ओलं खोबरं आणि कोथिंबीर पातेल्यात घालायची नाही, प्रत्येकाच्या पानात भातावर घालायची आणि साजूक तूप वाढताना सोडायचं. पानावर तूप सोडताना दरवळणारा गोड्या मसाल्याचा वास, एवढंच दृश्य यजमानाला पुरेसं आहे.

साराला किलोभर टोमॅटो उकडून गाळून दुपारीच ठेवता येतात. नारळाचं दूध मात्र शेवटी घालायचं आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, सार फाटतं. फाटलेल्या सारात तरंगणारे पांढरे कण कितीही ढवळले तरी परत एकजीव होत नाहीत. वाढायच्या वेळी कडेने बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद.

पोळ्या-पुऱ्यांपाशी बहुतेक घरांत वाद होतो. आई म्हणते, "श्रीखंडाबरोबर पोळी? काय म्हणतील ते!" मुलगी म्हणते, "आई, तू रात्रभर तळत बसणार आहेस का?" दोघींचंही बरोबर आहे. हिशेब करून पाहा. माणशी पाच पुऱ्या धरल्या तर नऊ जणांना पंचेचाळीस. कढईत एका वेळी दोन पुऱ्या, लाटणारं एक माणूस आणि तळणारं एक, तरी अर्धा तास जातो. त्यात गरम गरम वाढायच्या म्हणजे पंगत बसल्यावर तळायच्या, आणि नऊ पानांतलं एक पान, कधी दोन, रिकामी राहणार. पुऱ्या आधी तळून ठेवल्या तर तासाभरात चामट होतात.

यातून निघणारा मधला मार्ग असा. माणशी दोनच पुऱ्या, म्हणजे अठरा, आणि त्या फक्त पहिल्या वाढपाला. बाकी सगळ्यांना घडीच्या पोळ्या, अर्धा किलो कणकेच्या वीसेक, ज्या साडेपाच-सहाला करून ठेवलेल्या असतात. पोळ्या तव्यावरून काढल्या की आधी जाळीवर वाफ जाऊ द्यायची आणि मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. गरम पोळ्या सरळ डब्यात रचल्या की खालच्या पोळ्यांना पाणी सुटतं. तूप लावलेली घडीची पोळी रात्री साडेआठलाही मऊ असते. घरी पोळ्यांना येणाऱ्या बाई असतील तर त्यांना त्या दिवशी संध्याकाळी पाचला बोलावून घ्यावं. त्या दोन हातांनी यजमानीणबाईचा एक तास वाचतो, आणि वर साडी बदलायला वेळ मिळतो.

अठरा पुऱ्यांना पाव किलोच्या थोडी वर कणीक पुरते. चमचाभर रवा आणि मोहन घालून घट्ट भिजवायची, पोळीच्या कणकेपेक्षा बरीच घट्ट. लाटताना पीठ लावायचं नाही, ते तेलात जळून काळे कण पुऱ्यांना चिकटतात. तेलाचा थेंब पोळपाटावर पुरतो. पाहुणे पन्हं पीत असताना मुलीच्या भावाने पुऱ्या लाटून ओलसर फडक्याखाली ठेवाव्यात. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त राहिल्या की वरचा थर सुकतो आणि पुरी फुगत नाही. तेल तापलं का हे पाहायला कणकेचा लहान गोळा टाकायचा, तो लगेच वर आला पाहिजे. तळाशी रेंगाळला तर तेल गार आहे आणि पुऱ्या तेल पिणार. पुरी टाकली की झाऱ्याने हलकेच दाबायची, फुगली की उलटायची. फुगत नसेल तर बहुधा ती कडेला पातळ आणि मधे जाड लाटली गेलेली असते. अठरा पुऱ्या दहा मिनिटांत होतात. तोपर्यंत दुसऱ्या शेगडीवर सपाट तव्यात थोड्या तेलावर अळूवड्या दोन्ही बाजूंनी खरपूस होतात. वड्या कढईत तळू नयेत, त्यांतले तीळ तेलात सुटून जळतात आणि मागून येणाऱ्या पुऱ्यांचा रंग बिघडवतात. तिसऱ्या शेगडीवर भाताचं पातेलं. ओट्यापाशी दोन माणसं, पंधरा मिनिटं, आणि मग गॅस बंद करून तीही पानावर.

ही दोन माणसं कोण? माझं मत स्पष्ट आहे, ती मुलगी आणि तिची आई नसावीत. भाऊ आणि वडील उभे राहिले तर बरं. मुलीने पुऱ्या लाटल्या की पुढची चर्चा तिच्या हाताच्या गोलाईवर जाते आणि भेटीची परत पाहण्याच्या कार्यक्रमाकडे घसरगुंडी होते. आणि होणाऱ्या जावयाने उठून चार पानांना तूप वाढलं तर त्याला "अरे, तू बस" म्हणून बसवू नये. त्याच्या आईला बरंच वाटेल.

मांसाहारी घरांत बेत वेगळा असतो, हिशेब तोच. मटणाचा रस्सा सकाळी करून ठेवला तर रात्री जास्त मुरलेला लागतो, म्हणून मटण हा या रात्रीचा पदार्थ आहे. तळलेली सुरमई नाही, कारण ती पुरीसारखीच पंगतभर तव्यापाशी उभं करते आणि तिचा वास पाहुण्यांच्या कपड्यांना लागून साताऱ्यापर्यंत जातो. मासे करायचेच तर कालवण करावं.

बाकी बारीकसारीक कामं शनिवारी दुपारी उरकतात. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून गर गूळ-वेलची घालून ठेवायचा, आयत्या वेळी पाणी घालून पेले भरले की झालं. काकडी किसू नये, बारीक चोचवावी, आणि दही-मीठ अगदी शेवटी घालावं, नाहीतर साडेआठला वाटीत काकडी कमी आणि पाणी जास्त असतं. ताटं-वाट्या सकाळी पुसून मोजून ठेवायच्या. नऊ सारखी ताटं घरात नसतात हे बरेचदा साडेआठला कळतं. सव्वाआठला पानांची डावी बाजू वाढून घ्यायची: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. श्रीखंडाच्या वाट्याही भरून ठेवल्या की पाहुणे पाटावर किंवा टेबलाशी बसेपर्यंत पान सजलेलं दिसतं आणि गरम पदार्थ वाढायला दोन माणसं पुरतात. विहीणबाईंना आणि आत्यांना निघताना हळदीकुंकू आणि ओटी द्यायची पद्धत घरात असेल तर नारळ आणि खण आधीच ताम्हनात काढून ठेवावा, रात्री अकराला देवघरासमोर शोधाशोध करायला लागू नये.

शुक्रवारी रात्री साधारण दहाच्या सुमारास यजमानीणबाईच्या मनात एक भीती येते: पान कमी तर दिसणार नाही ना? मग ढोकळा, मंचुरियन किंवा गुलाबजाम यांतला एखादा पदार्थ यादीत घुसतो. हा पदार्थ जवळजवळ नेहमीच तेलातला किंवा आयत्या वेळचा असतो. तो घ्यायचाच असेल तर वरच्या यादीतलं काय काढणार हे आधी ठरवावं. अकरा पदार्थांच्या पानाला कमी म्हणणारं माणूस चौदा पदार्थांनाही कमीच म्हणेल.

हा बेत दोन कामाच्या माणसांना झेपतो, तेही सोमवारपासून रोज थोडं थोडं करत आणलं तर. हात एकच असेल तर डाळिंब्या सोललेल्या विकत आणा, चक्का विकत आणा, पोळ्या केंद्रातून मागवा आणि पुऱ्या काढून टाका. अळूवडी आणि मसालेभात मात्र घरचाच असू द्या.